विश्लेषण : ‘तात्यांना कळू देऊ नका!’ गंभीर आजाराचे निदान रुग्णाला सांगायचे कसे?

बायोप्सीचा अहवाल आधी मुलाच्या हाती पडतो. रुग्ण बाहेर बाकावर बसलेला असतो आणि मुलगा डॉक्टरांच्या खोलीत शिरून हलक्या आवाजात सांगतो, ‘त्यांना यातलं काही कळू देऊ नका.’ कॅन्सरच्या बाह्यरुग्ण विभागात हा प्रसंग नेहमीचा आहे. त्या क्षणी डॉक्टर काय करतात, यावर रुग्णाचे पुढचे महिने कसे जाणार हे बरेचसे ठरते. पण या संभाषणाची तयारी मात्र क्वचितच केली जाते.

नेमका पेच काय?

समजा, सातारा जिल्ह्यातील एक ६२ वर्षांचे शेतकरी आहेत. घरात त्यांना सगळे तात्या म्हणतात. दोन महिन्यांपासून कावीळ आहे, वजन उतरले आहे, अंगाला खाज सुटते. गावात झाडपाल्याचे औषध घेऊन झाले. मग सीटी स्कॅनमध्ये स्वादुपिंडाच्या डोक्याशी गाठ दिसली आणि यकृतावरही ठिपके दिसले. यकृतातील तुकडा तपासल्यावर कॅन्सर असल्याचे आणि तो पसरल्याचे स्पष्ट झाले. या टप्प्यावर शस्त्रक्रियेने आजार बरा होत नाही. पित्तनलिकेत स्टेंट टाकून कावीळ उतरवता येते, वेदना आटोक्यात ठेवता येतात, प्रकृतीने साथ दिली तर केमोथेरपीने काही महिने वाढवता येतात. मुलगा पुण्यात नोकरीला आहे. त्याला हे सगळे समजले आहे. तात्यांना मात्र आपल्याला ‘मुरलेली कावीळ’ झाली आहे असे वाटते.

डॉक्टरांपुढे दोन सोपे रस्ते असतात. मुलाचे ऐकून गप्प राहणे हा एक, आणि ‘रुग्णाचा हक्क आहे’ असे सुनावून थेट सांगून मोकळे होणे हा दुसरा. दोन्हींत संभाषण टळते.

कायदा आणि संकेत काय सांगतात?

वैद्यकीय व्यवसायाच्या २००२ च्या आचारसंहितेनुसार डॉक्टरांनी आजाराचे गांभीर्य वाढवूनही सांगू नये आणि कमी करूनही सांगू नये. रुग्ण, नातेवाईक किंवा जबाबदार मित्र यांना रुग्णाच्या व कुटुंबाच्या हिताची ठरेल एवढी माहिती असावी, असेही ती म्हणते. या शब्दरचनेत नातेवाइकांनाही जागा आहे, त्यामुळे अनेकदा तेवढ्यावरच भागवले जाते. उपचारांच्या संमतीचा मुद्दा मात्र वेगळा आहे. समीरा कोहली प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये स्पष्ट केले की, शुद्धीवर असलेल्या सज्ञान रुग्णाची संमती त्याच्याकडूनच आणि पुरेशी माहिती देऊन घ्यावी लागते. कशासाठी हे न सांगता तात्यांकडून केमोथेरपीच्या कागदावर सही घेतली, तर त्या सहीला अर्थ उरत नाही.

निदान लपवणे ही खास भारतीय सवय आहे, असेही नाही. १९६१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतील एका पाहणीत सुमारे ९० टक्के डॉक्टरांचा कल कॅन्सरचे निदान रुग्णाला न सांगण्याकडे होता. १९७९ पर्यंत चित्र उलटले आणि ९७ टक्के डॉक्टर सांगण्याच्या बाजूचे झाले. म्हणजे यात बदल होऊ शकतो. प्रश्न उरतो तो सांगण्याच्या पद्धतीचा.

ती पद्धत कोणती?

वॉल्टर बेल, रॉबर्ट बकमन आणि सहकाऱ्यांनी २००० मध्ये मांडलेली ‘स्पाइक्स’ ही सहा पायऱ्यांची रीत जगभर शिकवली जाते. जागा व वेळ ठरवणे, रुग्णाला काय ठाऊक आहे ते विचारणे, किती जाणून घ्यायचे आहे ते विचारणे, मग माहिती देणे, भावनांना उत्तर देणे आणि शेवटी पुढचा बेत आखणे, असा तिचा क्रम आहे. सहापैकी तीन पायऱ्या प्रत्यक्ष बातमी सांगण्याच्या आधीच्या आहेत, हे त्यातले सर्वात महत्त्वाचे. आपल्याकडे त्या तीनच बहुतेकदा गाळल्या जातात. शिवाय आपल्याकडे त्यांच्याही आधी आणखी एक पायरी घ्यावी लागते, ती म्हणजे कुटुंबाशी बोलणे.

‘सांगू नका’ म्हणणाऱ्या मुलाला काय उत्तर द्यावे?

उत्तर देण्याआधी त्याला एक प्रश्न विचारावा : ‘तात्यांना कळलं तर काय होईल अशी भीती वाटते?’ मुलगा म्हणेल, ‘ते जेवण सोडतील, खचून जातील.’ ही भीती खरी असते आणि ती प्रेमातून आलेली असते. तिच्याशी वाद घालण्यात अर्थ नाही. दुसरा प्रश्न असा : ‘घरात काय चाललंय, ते त्यांच्या लक्षात आलं नसेल असं तुम्हाला वाटतं का?’ इथे बहुतेक नातेवाईक थबकतात. तपासण्या, पुण्याच्या फेऱ्या, अचानक भेटायला येणारे पाहुणे, डोळे पुसत स्वयंपाकघरात जाणारी बायको हे सगळे रुग्ण पाहत असतो. रुग्णालयाच्या पाटीवर ‘कॅन्सर विभाग’ ही अक्षरेही त्याने वाचलेली असतात. लपवाछपवीने त्याची शंका मिटत नाही, फक्त ती बोलून दाखवायला माणूस उरत नाही.

मग डॉक्टरांनी दोन वचने द्यावीत. पहिले, ‘मी त्यांच्यावर काहीही लादणार नाही. किती सांगायचं, ते त्यांनाच विचारीन.’ दुसरे, ‘पण त्यांनी सरळ विचारलं, तर मी खोटं बोलणार नाही.’ एवढे ऐकल्यावर बरीच कुटुंबे तयार होतात. जी होत नाहीत त्यांच्यासाठी आणखी एक भेट ठेवावी. स्टेंटसारखा तातडीचा उपचार नसेल, तर एका दिवसाने फारसे बिघडत नाही.

प्रत्यक्ष बैठक कशी असावी?

तात्यांना बाह्यरुग्ण विभागाची गर्दी ओसरल्यावर, शेवटच्या नंबरला बोलवावे. दार लावलेले, फोन बंद, डॉक्टर खुर्चीत बसलेले, टेबलाच्या पलीकडे नव्हे तर शेजारी. तात्यांसोबत कोण असावे, हे तात्यांना विचारावे. बहुतेकदा मुलगा आत येतो आणि बायको बाहेर राहते. प्रत्यक्षात पुढे शुश्रूषा तीच करणार असते. अहवाल डॉक्टरांनी आधीच पूर्ण वाचलेला हवा आणि एक परिचारिका किंवा समाजसेवा अधीक्षक सोबत असावा, कारण डॉक्टर उठून गेल्यावरही प्रश्न येतच राहतात.

सुरुवात प्रश्नाने होते : ‘काका, तुम्हाला काय झालं असावं असं वाटतं?’ तात्या म्हणतात, ‘कावीळ अंगात मुरली म्हणतात, डॉक्टरसाहेब. पण एवढ्या तपासण्या कावीळीला करत नाहीत.’ या एका वाक्यातून कळते की अर्धा रस्ता त्यांनी स्वतःच कापला आहे. पुढचा प्रश्न : ‘रिपोर्ट आले आहेत. सगळं तुम्हाला सांगू, की मुलाशी बोलू?’ काही जण म्हणतात, ‘पोराला सांगा, मला नको.’ तेही मानावे, केसपेपरवर तसे लिहावे आणि पुढच्या भेटीत पुन्हा विचारावे. तात्या मात्र म्हणतात, ‘सांगा की.’

मग आधी एक इशारा : ‘बातमी आपल्याला हवी होती तशी नाही.’ थोडे थांबावे. नंतर साध्या शब्दांत : ‘स्वादुपिंडात कॅन्सरची गाठ आहे आणि ती लिव्हरपर्यंत गेली आहे.’ कॅन्सर हा शब्द एकदा तरी उच्चारायलाच हवा. नुसते ‘गाठ’ म्हटले तर रुग्ण ती काढून टाकण्याची वाट पाहतो. ‘रिपोर्ट पॉझिटिव्ह आला’ हे तर टाळावेच, कारण अनेकांना ती चांगली बातमी वाटते.

यानंतर सर्वात अवघड काम येते, ते म्हणजे गप्प राहणे. तात्या खाली पाहत बसतील, बायको रडेल. ही शांतता सोसत नाही, म्हणून डॉक्टर घाईने केमोची माहिती देऊ लागतात. त्या क्षणी सांगितलेले फारसे लक्षात राहत नाही. तात्यांची मान वर होईपर्यंत थांबावे आणि एवढेच म्हणावे, ‘हे ऐकणं फार जड आहे, कळतंय मला.’

‘किती दिवस आहेत?’ याला उत्तर काय?

हा प्रश्न येतोच. आकडा सांगण्याआधी विचारावे, ‘काका, हे विचारताना मनात काय आहे?’ तात्या म्हणतात, ‘धाकट्याचं लग्न दिवाळीनंतर धरलंय. आणि जमीन अजून माझ्या नावावर आहे.’ आता उत्तर कशासाठी हवे, ते कळले. अचूक तारीख कोणालाच देता येत नाही, पण कालावधीचे माप सांगता येते : ‘वर्षांचा हिशोब धरू नका, महिन्यांचा धरा. लग्न अलीकडे घेता आलं तर घ्या.’ मुलाच्या भीतीला यातच उत्तर मिळते. खरे न सांगता तात्यांना खचण्यापासून वाचवता आले असते की नाही, हे सांगता येणार नाही. पण ते लग्न आणि जमिनीचा निर्णय मात्र त्यांच्या हातून नक्की निसटला असता.

‘आता काही करता येणार नाही’ हे वाक्य इथे वर्ज्य आहे. ते खोटेही आहे. कावीळ उतरवणे, खाज व वेदना थांबवणे, भूक सांभाळणे हे सगळे करता येते. बैठक संपवताना पुढच्या दोनच गोष्टी ठरवाव्यात : स्टेंट कधी टाकायचा आणि पुन्हा कधी भेटायचे. केमोचा निर्णय त्या दुसऱ्या भेटीत घ्यावा.

चुकले, हे कसे ओळखावे?

शेवटी तात्यांना विचारावे, ‘घरी गेल्यावर लेकीला काय सांगाल?’ ते ‘कावीळीला नळी टाकणार आहेत’ एवढेच म्हणाले, तर बातमी पोहोचलेली नाही किंवा आज त्यांना ती नको आहे. प्रत्येक प्रश्नाला मुलगाच उत्तर देत असेल, तर रुग्णाशी संभाषण झालेलेच नाही. आणखी एक घोटाळा नेहमी होतो. सकाळी एक डॉक्टर सगळे सांगतात आणि रात्री निवासी डॉक्टर ‘काही नाही हो, बरे व्हाल’ म्हणून जातात. त्यामुळे कोणाला, काय, किती सांगितले, हे केसपेपरवर चार ओळींत लिहिणे औषधाच्या मात्रेइतकेच गरजेचे आहे.

मग अडते कुठे?

एमबीबीएसच्या २०१९ पासूनच्या अभ्यासक्रमात संवादकौशल्याचा समावेश झाला आहे. पण अशा बैठकीला अर्धा तास लागतो आणि सरकारी रुग्णालयात एका रुग्णाच्या वाट्याला काही मिनिटेच येतात. दार लावता येईल अशी खोली नसते, समाजसेवा अधीक्षक कागदपत्रांत अडकलेला असतो. डॉक्टरांना सहानुभूती शिकवून ही उणीव भरून निघणार नाही. शस्त्रक्रियेसाठी जशी वेळ व खोली राखून ठेवली जाते, तशी या संभाषणासाठीही राखून ठेवावी लागेल. ती राखलेली नसते तेव्हाही बातमी सांगितली जातेच. मग ती सांगतो अहवाल टाइप करणारा कारकून, शेजारच्या खाटेवरचा रुग्ण किंवा विभागाच्या दारावरची पाटी.