गुहेत हिरे कमी का सापडतात?

माइनक्राफ्ट खेळणाऱ्या मुलांची ही नेहमीची तक्रार. गुहा कशा तयार होतात ते आधी पाहू.

गेम जमिनीतल्या प्रत्येक जागेसाठी ‘नॉइज’ नावाच्या सूत्रातून एक आकडा काढतो. नुसते फासे टाकले असते, तर जमिनीची चाळण झाली असती. नॉइजमध्ये मात्र शेजारशेजारचे आकडे डोंगरउतारासारखे हळूहळू चढतात, उतरतात. आकडा ठरावीक मर्यादा ओलांडतो तिथला दगड काढला जातो. असा सलग भाग म्हणजे मोठी गुहा. लांबलचक बोगद्यांसाठी दोन नॉइज घेतात. दोन्हींचे आकडे एकाच ठिकाणी शून्याजवळ आले, की तिथून शेवईसारखी वाट निघते.

हिरे नॉइजवर ठरत नाहीत. तिथे फासेच, पण खोलीप्रमाणे वजन दिलेले. 2021 च्या 1.18 आवृत्तीपासून ते `Y` 16 च्या खाली मिळतात आणि तळाकडे, -64 पर्यंत, वाढत जातात. मात्र हवेला लागून येणारे बरेच हिरे गेम गाळून टाकतो. त्यामुळे गुहेच्या भिंती उघड्या दिसतात, पण रिकाम्या.

म्हणून -58 च्या आसपास सरळ बोगदा खणावा. जावा आवृत्तीत `F3` दाबल्यावर `Y` दिसतो. तिथल्या गुहांमध्ये लाव्हा भरलेला असतो, एवढं मुलांना सांगा.