तिला जमते, पण कशाच्या बळावर?

२ एप्रिल हा जागतिक स्वमग्नता जागरूकता दिन. संयुक्त राष्ट्रांच्या ठरावानुसार २००८ पासून तो पाळला जातो. यानिमित्ताने तपासणीतून निसटून जाणाऱ्या मुलींविषयी बोलायला हवे. चार स्वमग्न मुलग्यांमागे एक मुलगी, असे वर्षानुवर्षे मानले गेले. २०१७ मध्ये अनेक अभ्यास एकत्र तपासले गेले, तेव्हा हे प्रमाण तीनास एकच्या जवळ असल्याचे दिसले. जिथे संशोधकांनी जुन्या निदानांवर न विसंबता समाजात जाऊन मुले शोधली, तिथे मुली अधिक सापडल्या. म्हणजे त्या होत्याच, नोंदीत नव्हत्या.

त्या का दिसत नाहीत, याचे एक उत्तर शाळेच्या मैदानावर मिळते. त्याच वर्षी डीन, हारवुड आणि कसारी यांनी मधल्या सुटीतल्या निरीक्षणांचा अभ्यास प्रसिद्ध केला. स्वमग्न मुलगे बहुधा एकटे खेळताना दिसले, त्यामुळे ते चटकन ओळखू येत. मुली मात्र घोळक्याच्या आसपास राहत, त्यात शिरत आणि बाहेर पडत. दुरून पाहणाऱ्याला त्या मैत्रिणींमध्येच असल्यासारख्या वाटत. इतरांचे हसणे, बोलणे, उभे राहणे पाहून पाठ करायचे आणि वेळेवर वापरायचे, यालाच मास्किंग म्हणतात.

याचा फटका कागदावर कसा बसतो ते पाहू. आपल्याकडे स्वमग्नतेच्या प्रमाणपत्रासाठी ‘इसा’ ही भारतीय मापनश्रेणी वापरली जाते. तिच्यात ४० मुद्दे आहेत. लक्षण क्वचित दिसले तर १, कायम दिसले तर ५ गुण. एकूण ७० च्या खाली गुण आले, तर स्वमग्नता नाही असे धरले जाते. अकोल्यातली पाचवीतली एक मुलगी कल्पून पाहा. ती नजरेला नजर देते, हसते, ‘नमस्कार’ म्हणते. आजी सांगते, “पोरगी मोठी शहानी आहे, कोनाले तरास देत नाही.” तिला २८ मुद्द्यांवर १ आणि १२ मुद्द्यांवर ३ गुण मिळाले, तर बेरीज होते ६४. तपासणी तिथेच संपते.

आता तेच प्रश्न थोडे वळवून विचारा. मैत्रीण आहे का, याला उत्तर ‘हो’ येते. ती मैत्रीण गैरहजर असली तर ही काय करते? दिवसभर कोणाशीच बोलत नाही. खेळ कोण ठरवते? नेहमी मैत्रीणच. नजर देते का, याऐवजी ‘समोरच्याकडे बघताना तुझ्या मनात काय चालते?’ असे मुलीलाच, आईबाबांना बाहेर बसवून विचारा. बोलणे जड जात असेल तर लिहू द्या. ती लिहील : “मी तीनपर्यंत मोजते, मग खाली बघते.” अशा उत्तरांनी सामाजिक वागणुकीच्या चारच मुद्द्यांवर १ चे ३ झाले, तरी बेरीज ७२ होते. मुलगी तीच, श्रेणीही तीच. फक्त माहिती पुरेशी मिळाली.

त्यासाठी शाळा सुटल्यानंतरच्या तासाबद्दल विचारणे फार महत्त्वाचे. वर्गात शांत असलेली मुलगी घरी येताच गणवेश ओरबाडून काढते, पांघरुणात शिरते, जेवणाचे ताट ढकलते, तेव्हा घरचे ‘लाडावली’ म्हणतात. दिवसभर धरून ठेवलेला ताण तिथे सुटत असतो. छंदाचेही तसेच. रेल्वेच्या वेळापत्रकाचे वेड लगेच टिपले जाते; एका मालिकेतल्या पात्रांचे किंवा मांजरींचे वेड मुलीला शोभणारे म्हणून सोडून दिले जाते. विषय कोणता यापेक्षा ती त्यात किती बुडते आणि कोणी थांबवले तर काय होते, हे नोंदवायला हवे.

इथे सावधगिरीही हवी. प्रत्येक लाजाळू मुलगी स्वमग्न नसते आणि मुखवटा मुलगेही घालतात. केवळ चिंतेमुळेही माणसे टाळली जातात. फरक कळतो तो लहानपणच्या इतिहासातून : तिसऱ्या-चौथ्या वर्षी ती भातुकलीत तोच प्रसंग रोज तसाच मांडायची का, शिवण टोचते म्हणून फ्रॉक फेकायची का. हे आई-आजीला आठवते, पण विचारावे लागते. वेळेत विचारले नाही, तर वयात येताना मैत्रीचे नियम गुंतागुंतीचे होतात, पाठांतर अपुरे पडते आणि मुलगी नैराश्य किंवा चिंतेचे निदान घेऊन दवाखान्यात पोहोचते. मूळ कारण मागेच राहते.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथके वर्षातून एकदा सरकारी शाळांत आणि दोनदा अंगणवाड्यांत जातात. त्यांनी संशयित मुलांना जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडे पाठवायचे असते. वऱ्हाडातल्या पथकांनी आणि केंद्रांनी मुलीच्या कागदावर ‘नाही’ लिहिण्यापूर्वी तीन गोष्टी कराव्यात : मधल्या सुटीत पूर्ण वेळ तिला पाहावे, शाळेनंतरच्या तासाची माहिती घरून घ्यावी आणि तिच्याशी एकटीशी बोलावे. याला नवे यंत्र लागत नाही, वेळ लागतो. गुण ६० ते ७० च्या मध्ये आले, तर सहा महिन्यांनी पुन्हा बोलवावे. आणि निदान झाले, तर तिला आणखी सफाईने मुखवटा घालायला शिकवू नये. तो उतरवून बसता येईल अशी जागा शाळेने तिला द्यावी.