आठवण लिहिताना

गेल्या महिन्यात एका वाचक भगिनीने आपल्या मरहूमा सासूबाईंवर लिहिलेला दोन पानांचा मजकूर आमच्याकडे पाठवला. पहिल्याच परिच्छेदात ‘मायेचा अथांग सागर’, ‘घराचा वटवृक्ष’ आणि ‘त्यागाची मूर्ती’ एकापाठोपाठ आले होते. (आपल्या घरांतही ‘मूर्ती’ किती सवयीने लिहिली जाते!) आम्ही नावावर बोट ठेवून तो परिच्छेद पुन्हा वाचला. कोणत्याही घरातल्या कोणत्याही बुजुर्ग बाईवर तो तसाच छापता आला असता. मजकूर फुलांखाली दबल्याची ही पहिली खूण.

आम्ही फोन करून विचारले, ‘‘फजरनंतर अम्मी काय करायच्या?’’ त्या म्हणाल्या, ‘‘चहा. घरात आम्ही पाच जण, पण कप सात काढायच्या. दोन रस्ता झाडणाऱ्या बायकांचे. पण हे काय लिहायचे, साधेच आहे.’’ आम्ही सागर आणि वटवृक्ष दोन्ही काढले आणि तिथे सात कप ठेवले.

पुढे ‘जन्नतवासी’ होते. इथे प्रश्न नुसत्या शैलीचा नाही. बुखारी शरीफमध्ये हजरत उस्मान बिन मजऊन यांच्या इंतकालचा प्रसंग आहे. ते ज्यांच्या घरी राहत होते त्या उम्मुल अला यांनी, अल्लाहने तुमचा सन्मान केला आहे अशी ग्वाही दिली. तेव्हा, हे तुम्हाला कसे कळले, असे रसूलुल्लाह (स.) यांनी विचारले आणि आपण त्यांच्यासाठी भल्याची उमेद ठेवतो, असे सांगितले. म्हणून ‘जन्नतवासी’ खोडून आम्ही ‘अल्लाह त्यांची मगफिरत करो’ एवढेच लिहिले. निकाल आपल्या हातात नाही, दुआ आहे.

‘त्या कधीच कोणावर रागावल्या नाहीत’ हे वाक्य मोठ्याने वाचून दाखवताच भगिनी हसल्या. घरच्यांना हसू येते ते वाक्य जावे. त्याजागी त्यांचा राग वर्णन करायचीही गरज नाही. मरहूमांच्या उणिवा आपण उगाळत नाही. वाक्य नुसते गळले, तरी कोणाला उणे वाटले नाही.

‘कधीही न भरून येणारी पोकळी’ मात्र त्या सोडेनात. ‘‘खरेच तसे वाटते हो,’’ म्हणाल्या. काटछाटीच्या नादात दुःखच कापले तर ती मृत्यूची नोंद होते, आठवण नव्हे, हे आम्हालाही मान्य. मग आम्ही विचारले, ‘‘ती पोकळी पहिल्यांदा कधी जाणवली?’’ थोडा वेळ त्या गप्प राहिल्या.

दोन पानांचा मजकूर अर्ध्या पानावर आला. त्याचा शेवट आता असा आहे : ‘दफनानंतर दुसऱ्या दिवशी चहा मी केला. कप काढले, मोजले. सातच निघाले. अम्मींचा कप परत ठेवायला माझा हात उचलेना.’