दुकानाचा खर्च: गोल काढावा की पट्ट्या?

दहावीच्या गणितात वृत्तालेख आहे. मुलांना तो आवडतो, कारण त्यात कंपास आहे, कोनमापक आहे आणि रंग भरायला मिळतात. त्यामुळे घरच्या दुकानाचा हिशेब मांडायला सांगितला की मूल आधी गोल काढते. चुडाव्यातल्या एका किराणा दुकानदाराच्या मुलाने हेच केले. वडिलांच्या कीर्दवहीतून महिन्याचा खर्च काढला, सात रंगांचा सुरेख गोल केला आणि वडिलांपुढे ठेवला. वडिलांनी सर्वांत मोठ्या तुकड्यावर बोट ठेवले आणि म्हणाले, "म्हणजे आता पोऱ्यालाच कमी करावं लागतं की!" तो तुकडा दुकानात कामाला असलेल्या मुलाच्या पगाराचा होता.

आता आकडे पाहू. सोयीसाठी थोडे गोल केले आहेत. पगार 6500 रुपये, जागेचे भाडे 5000, नांदेडहून माल आणण्याचे टेम्पोभाडे व हमाली 4400, वीज 3600, खराब होऊन टाकून दिलेला माल 2000, पिशव्या-कागद 1500 आणि चहा-रिचार्ज-दुरुस्ती मिळून 1000. बेरीज 24000. यात मालाची खरेदी नाही, आणि ती मुद्दामच धरलेली नाही. किराण्यात खरेदीची रक्कम एवढी मोठी असते की तीही गोलात घातली तर जवळजवळ सगळा गोल एकाच रंगाचा होतो आणि बाकीचे खर्च काडीएवढे उरतात. दुकानदाराने गल्ल्यातून घरासाठी उचललेले पैसेही यात येत नाहीत. तो दुकानाचा खर्च नव्हे. मुलाने ही दोन्ही पथ्ये पाळली होती, शाबासकी द्यायला हवी.

गोलाचे गणितही बरोबर होते. खर्च भागिले एकूण, गुणिले 360. पगाराला साडेसत्त्याण्णव अंश, भाड्याला 75, वाहतुकीला 66, विजेला 54. पण वाहतूक आणि वीज यांचे तुकडे शेजारी पाहिले की कोणता मोठा हे चटकन सांगता येत नाही. रुपयांत त्यांच्यात 800 चा फरक आहे आणि डोळ्याला तो जाणवत नाही. कोन ताडण्यात आपली नजर कच्ची आहे. एका रेषेवरून सुरू झालेल्या लांब्या मात्र ती पक्क्या ओळखते. अमेरिकेत क्लीव्हलंड आणि मॅक्गिल या दोघांनी 1984 मध्ये लोकांवर प्रयोग करून हेच दाखवले.

मग तेच आकडे पट्ट्यांत मांडले. चौकटीच्या वहीचे पान आडवे घेतले, डावीकडे एक उभी रेघ ओढली आणि 1000 रुपयांना 1 सेंटिमीटर असे माप धरले. पगाराची पट्टी साडेसहा सेंटिमीटर, भाड्याची पाच, वाहतुकीची 4.4, विजेची 3.6, आणि असेच खाली. पट्ट्या आडव्या ठेवल्या, कारण 'टेम्पोभाडे व हमाली' हे नाव उभ्या पट्टीखाली मावत नाही. मोठी वर, लहान खाली. फक्त 'इतर' कितीही असो, शेवटी. आता वाहतूक आणि वीज यांतला फरक पोरसुद्धा सांगेल.

इथे एक खोड सांभाळावी लागते. पट्टी शून्यापासूनच सुरू झाली पाहिजे. कागद वाचवायला कुणी 3000 पासून सुरुवात केली, तर विजेची पट्टी 600 ची आणि पगाराची 3500 ची दिसेल, म्हणजे जवळजवळ सहापट. खरे प्रमाण दुपटीलाही पोहोचत नाही. मोबाइलवर आलेख काढणाऱ्यांनी हे आधी तपासावे. आणि जाड थाळीसारखा, तिरका दिसणारा गोल तर काढूच नये. त्यात पुढचा तुकडा उगाच मोठा भासतो.

पण मालकाला वाटा पाहायचा होता ना, असे कुणी विचारेल. वाटा पट्टीच्या टोकाला लिहिता येतो. दुकानदाराला '27.1 टक्के' म्हणण्यापेक्षा 'शंभरातले 27' म्हटलेले लवकर कळते. पगार 27, भाडे 21, वाहतूक 18, वीज 15, खराब माल 8, पिशव्या 6, इतर 4. यांची बेरीज करून पाहा, 99 येते. पूर्णांकात लिहिताना एक रुपया निसटतो आणि हिशेबी माणूस नेमके त्यावरच बोट ठेवतो. म्हणून रुपयांचा आकडा आधी, शंभरातला वाटा नंतर.

पोऱ्याचा प्रश्न मात्र या पट्ट्यांनीही सुटला नव्हता. पट्ट्यांतही पगारच सर्वांत लांब! कारण एका महिन्याचे चित्र कोणता खर्च मोठा आहे एवढेच सांगते. कोणता वाढतो आहे, ते सांगत नाही. म्हणून मागच्या दोन महिन्यांची पाने काढायला लावली. पगार आणि भाडे तेवढेच होते, बाकीच्यात फार फरक नव्हता. इथे ते सारखेच धरतो. वाहतूक मात्र 3300, मग 3850, मग 4400. प्रत्येक नावासमोर तीन महिन्यांच्या तीन पट्ट्या एकाखाली एक काढल्या, तेव्हा पगाराच्या तिन्ही सारख्या आल्या आणि वाहतुकीच्या पायऱ्यांसारख्या.

याच तीन महिन्यांचे तीन गोल काढले असते तर काय दिसले असते? एकूण खर्च वाढल्यामुळे पगाराचा वाटा शंभरातल्या 28.4 वरून 27.1 वर आला असता. पगार तोच असूनही तुकडा बारीक झालेला, जणू कुणी कापला! गोल नेहमी पुरा 360 अंशांचाच असतो, त्यामुळे एकूण खर्च किती वाढला हे त्यात उमटतच नाही. ईदच्या महिन्यात सगळेच खर्च दीडपट झाले तर गोल जसाच्या तसा येईल.

वाहतूक का वाढली, ते वडिलांनी स्वतःच सांगितले. एका फेरीला टेम्पो आणि हमाली मिळून साडेपाचशे पडतात. फेऱ्या सहाच्या सात झाल्या, सातच्या आठ. उधारी अडकल्याने एकरकमी माल भरायला रोकड नव्हती, म्हणून थोडा थोडा माल वारंवार आणावा लागला. म्हणजे दुखणे उधारीच्या खात्यात होते आणि ते खाते खर्चाच्या कुठल्याच चित्रात येत नाही. वडील थोडा वेळ पट्ट्यांकडे पाहत राहिले, मग म्हणाले, "पोऱ्याचं राहू द्या सर. आधी वसुलीला निघतो."

गोल अगदीच टाकाऊ आहे असे नाही. दोन-तीनच भाग असतील आणि 'निम्मे कशात जाते' एवढेच दाखवायचे असेल तर तो पट्ट्यांपेक्षा चांगला. याच दुकानात पगार आणि भाडे एका रंगात, बाकी सगळे दुसऱ्या रंगात असा गोल काढला, तर पहिला रंग जवळजवळ अर्धा गोल व्यापतो. माल विकला जावो न जावो, दर महिन्याला एवढे बाहेर काढावेच लागते, हे वडिलांना त्यातून लगेच दिसले असते. सात तुकड्यांत ते हरवले होते.

मुलाने आता पट्ट्यांच्या पानावर पुढच्या महिन्यासाठी चौथ्या पट्टीची जागा मोकळी सोडली आहे. कीर्दवहीत टेम्पोसाठी वेगळा रकानाही आखला आहे. आधी ते पैसे मालाच्या बिलातच मिसळून लिहिले जात होते आणि दर वेळी निवडून काढावे लागत होते.