लेबलवर भाव छापण्याआधी

घाण्याचं तेल, मसाला, पापड, लोणचं असा एखादा लहान उद्योग सुरू करायच्या तयारीत असाल, तर तुम्हाला एक कळकळीची विनंती आहे. लेबलवर भाव छापण्याआधी एक संध्याकाळ एक्सेलसमोर बसा आणि त्या भावात तुमचं भांडवल खरोखर वसूल होतं का, ते तपासा. शेजारच्या दुकानातला भाव विचारायचा आणि त्यात पाच-दहा रुपये कमी-जास्त करायचे, अशी आपल्याकडची रीत आहे. पण त्या दुकानदाराने किती पैसे गुंतवलेत आणि त्याचा माल किती खपतो, हे तुम्हाला माहीत नसतं. त्याला परवडणारा भाव तुम्हाला परवडेलच असं नाही.

शेंगदाणा तेलाच्या लाकडी घाण्याचं उदाहरण घेऊ. आकडे समजण्यापुरते धरलेले आहेत, त्यांच्या जागी तुमचे घाला. घाणा, मोटर, गाळणी आणि शेड मिळून ६ लाख रुपये लागतात. सुगीत दाणे भरून ठेवायला दीड लाखाचं खेळतं भांडवल लागतं. वर्षाला ६,००० लिटर तेल विकायचं आहे. दाणे, बाटली आणि वीज धरून, पेंडीचे पैसे वजा करून, लिटरमागे २४० रुपये खर्च येतो. भाडं, मजुरी आणि देखभाल वर्षाला २ लाख ४० हजार. पाच वर्षांनी यंत्र मोडीत काढलं तर १ लाख येतील आणि खेळतं भांडवल मोकळं होईल.

भाव ३०० ठेवला तर? लिटरमागे ६० रुपये सुटतात, म्हणजे वर्षाला ३ लाख ६० हजार. त्यातून २ लाख ४० हजार गेले की १ लाख २० हजार उरतात. यंत्राचा वर्षाचा घसारा १ लाख धरला, तरी वहीत २० हजार नफा दिसतो. बहुतेक जण इथेच समाधान मानतात. पण आज घातलेले साडेसात लाख पाच वर्षांत तुकड्यातुकड्याने परत येतात आणि तेवढा काळ ते अडकून पडतात, याचा हिशेब या २० हजारांत नाही. बँकेचं व्याज आणि स्वतःच्या पैशावर मिळायला हवा तो मोबदला मिळून दर १२ टक्के धरा. पुढे येणारा प्रत्येक रुपया या दराने आजच्या किमतीत आणायचा, त्यांची बेरीज करायची आणि त्यातून आजची गुंतवणूक वजा करायची. जे उरतं ते निव्वळ वर्तमान मूल्य, एक्सेलच्या भाषेत एनपीव्ही. ते उणे असेल तर वहीत नफा दिसूनही धंदा भांडवल खातो आहे. ते बरोबर शून्य असेल तर भांडवल आणि १२ टक्के मोबदला दोन्ही वसूल झाले, वर काहीही नाही. ज्या भावाला हे शून्य येतं तो तुमचा तळाचा भाव. आपल्याला तोच शोधायचा आहे.

पत्रक साधं आहे. A रकान्यात नावं लिहा आणि B रकान्यात आकडे. B1 मध्ये भाव ३००, B2 मध्ये लिटर ६०००, B3 मध्ये लिटरमागचा खर्च २४०, B4 मध्ये वर्षाचा ठरलेला खर्च २४००००, B5 मध्ये १२%, B6 मध्ये यंत्र ६०००००, B7 मध्ये खेळतं भांडवल १५००००, B8 मध्ये मोडीची किंमत १०००००. मग अकराव्या ओळीत B11 पासून G11 पर्यंत सुरुवात आणि पुढची पाच वर्षं मांडा:

```
B11:  =-(B6+B7)
C11:  =($B$1-$B$3)*$B$2-$B$4
G11:  =($B$1-$B$3)*$B$2-$B$4+$B$7+$B$8
B13:  =NPV(B5,C11:G11)+B11
```

C11 चं सूत्र F11 पर्यंत ओढा. या ओळीत कर्जाचा हप्ता वजा करू नका. पैशाचा मोबदला १२ टक्क्यांत आधीच धरलेला आहे, हप्ताही कापला तर तोच खर्च दोनदा लागतो. घसाराही इथे येत नाही, कारण यंत्राचे सगळे पैसे B11 मध्ये एकदम गेलेले आहेत. मात्र तुम्ही आणि घरची माणसं घाण्यावर राबणार असाल, तर त्यांची मजुरी B4 मध्ये न विसरता धरा.

B13 मध्ये आता सुमारे उणे १,७५,५७० दिसेल. ३०० रुपयांच्या भावाचं खरं रूप हे आहे.

आता गोल सीक. `Data` मध्ये `What-If Analysis` आणि त्यात `Goal Seek` निवडा. `Set cell` मध्ये B13, `To value` मध्ये 0 आणि `By changing cell` मध्ये B1 द्या. क्षणात B1 मध्ये ३०८.१२ येईल. तळाचा भाव हाच. केवळ खर्च भागवणारा भाव २८० होता, घसारा धरून सुमारे २९७, आणि भांडवलाचा मोबदला धरून ३०८. फसगत होते ती २९७ आणि ३०८ यांच्या मधल्या पट्ट्यात.

गोल सीक वापरताना दोन गोष्टी सांभाळा. B1 मध्ये हाताने लिहिलेला आकडा हवा, सूत्र असेल तर गोल सीक चालणार नाही. आणि मिळालेलं उत्तर कायमचं नसतं. उद्या B2 मधले लिटर बदललेत तर B1 मध्ये ३०८.१२ तसंच राहील, फक्त B13 शून्यावरून हलेल. म्हणून प्रत्येक बदलानंतर गोल सीक पुन्हा चालवा आणि उत्तर कोणत्या लिटरसाठी आहे ते शेजारी लिहून ठेवा.

अनेकांच्या पत्रकात एक चूक सापडते आणि गोल सीक ती लपवतं. सूत्र `=NPV(B5,B11:G11)` असं लिहिलं जातं. NPV हे फंक्शन पहिला आकडा एका वर्षानंतरचा धरतं, त्यामुळे आजची गुंतवणूकही वर्षभर पुढे ढकलली जाते आणि सगळं उत्तर १.१२ ने भागलं जातं. शून्याला कशानेही भागलं तरी शून्यच, म्हणून तळाचा भाव बरोबरच येतो आणि शंका येत नाही. पण ३०० च्या भावाला तोटा १,७५,५७० ऐवजी १,५६,७५९ दिसतो. पुढच्या तक्त्यातले सगळे आकडेही तसेच चुकतात. B11 कंसाबाहेर आहे ना, हे एकदा नजरेखालून घाला.

गोल सीक एका विक्रीसाठी एक भाव देतं. पण विक्री ६,००० लिटर होईल, याची खात्री कोण देणार? त्यासाठी दुहेरी डेटा टेबल करायचं. आधी B1 मध्ये ३०० परत लिहा. A16 मध्ये `=B13` लिहा. त्याखाली A17 पासून ३००, ३१०, ३२०, ३३० हे भाव, आणि त्याच्या उजवीकडे B16 पासून ५०००, ६०००, ७००० हे लिटर. A16 ते D20 हा सगळा चौकोन निवडा आणि `What-If Analysis` मधून `Data Table` उघडा. आडव्या ओळीत लिटर आहेत म्हणून `Row input cell` मध्ये B2 आणि उभ्या रकान्यात भाव आहेत म्हणून `Column input cell` मध्ये B1. उत्तर असं येतं:

| भाव | ५,००० लिटर | ६,००० लिटर | ७,००० लिटर |
|---|---|---|---|
| ३०० | −३,९१,८५७ | −१,७५,५७० | ४०,७१६ |
| ३१० | −२,११,६१८ | ४०,७१६ | २,९३,०५१ |
| ३२० | −३१,३७९ | २,५७,००३ | ५,४५,३८५ |
| ३३० | १,४८,८६० | ४,७३,२९० | ७,९७,७१९ |

सगळ्यात आधी ३०० आणि ६,००० चा चौकोन B13 शी जुळतो का ते बघा. दोन्ही कप्पे उलट भरले गेले, तर एक्सेल ५,००० रुपये भाव आणि ३०० लिटर विक्री धरून बसेल आणि आकडे भलतेच येतील. तक्ता त्याच शीटवर हवा जिथे B1 आणि B2 आहेत. भाव आणि लिटरचे मथळे हाताने टाका, त्यांना `=B1` असं जोडू नका, नाहीतर गणित चालू असताना मथळेच बदलतात आणि उत्तरं खोटी येतात. आणि आकडे बदलूनही तक्ता ढिम्म राहिला, तर `Formulas` मधल्या `Calculation Options` मध्ये डेटा टेबल वगळलेलं असतं. तेव्हा F9 दाबा.

आता तक्ता वाचा. उणे आणि अधिक यांच्या मधली पायरी शोधा. ती डावीकडून उजवीकडे वरच्या, कमी भावाच्या ओळींकडे सरकत जाते, आणि तुमचा तळाचा भाव त्या पायरीवर असतो. नेमका आकडा हवा असेल तर B2 बदलून गोल सीक पुन्हा चालवा. ५,००० लिटरला तो ३२१.७४ येतो आणि ७,००० लिटरला २९८.३९. म्हणजे वर्षात ३०० दिवस घाणा चालला असं धरलं, तर रोजची विक्री वीस लिटरवरून सतरावर आली की तळाचा भाव जवळजवळ १४ रुपयांनी चढतो. याउलट विक्री ६,००० च ठेवून व्याजदर १२ वरून १५ टक्के करून बघा, भाव ३११.११ येतो, फक्त ३ रुपयांचा फरक. बँकेशी अर्ध्या टक्क्यासाठी चार फेऱ्या मारणाऱ्यांनी त्यातली एक तरी फेरी गिऱ्हाईक शोधायला मारावी, असं हा तक्ता सांगतो.

या हिशेबाच्या मर्यादाही ध्यानात ठेवा. B1 मधला भाव म्हणजे तुमच्या हातात पडणारे पैसे. दुकानदाराचं कमिशन आणि जीएसटी त्यावर वेगळे. यात आयकर धरलेला नाही. पाच वर्षं भाव आणि खर्च तेच राहतात असंही गृहीत आहे. दाणे महागले आणि लिटरचा खर्च १० रुपयांनी वाढला, तर तळाचा भावही बरोबर १० रुपयांनी वाढतो. म्हणून दर सुगीला B3 नव्याने भरा.

प्रकल्प अहवाल दुसऱ्याकडून करून घेतला असेल, तर त्याच्याकडे हा तक्ता मागा. नसेल तर स्वतः करा. मग तळाच्या भावाशेजारी रोज किती लिटर विकायचे तो आकडा लिहा आणि तेवढं तेल घेणारी घरं, दुकानं, खानावळी यांची नावानिशी यादी करा. यादी वीस लिटरपर्यंत पोचत नसेल, तर यंत्राची आगाऊ रक्कम भरण्याची घाई करू नका. आधी यादी वाढवा, किंवा लहान घाणा बघा आणि B6 बदलून सगळा हिशेब पुन्हा मांडा.