व्ही१ ते व्ही४ खाली आहे, मग पाठीमागे काय?

‘सर, ईसीजी जोडला आहे, कृपया मत द्यावे.’ वरिष्ठांकडे येणाऱ्या पुष्कळ ई-मेल एवढ्यावरच संपतात. सोबत कडेने कापलेला फोटो, त्यावर ट्यूबलाइटची चकाकी. अशा कागदावर मत कसलं देणार?

समजा, धारूर तालुक्यातल्या एखाद्या ग्रामीण रुग्णालयात रात्री साडेदहाला बावन्न वर्षांचा ऊसतोड कामगार आला. छातीत दाब, घाम, त्रास सुरू होऊन दोन तास झालेले. ईसीजीत व्ही१ ते व्ही४ मध्ये एसटी दीड-दोन मिलिमीटर खाली, वर कुठेच नाही. तरुण डॉक्टर ‘अँटीरियर इस्केमिया?’ असं लिहितो आणि हेपरिन सुरू करून सकाळी रेफर करायचं ठरवतो. पण व्ही२ मधला आर उंच व रुंद आहे, टी वर आहे, इकडे त्याचं लक्ष गेलेलं नाही. हृदयाच्या मागच्या भिंतीतलं इन्फार्क्शन पुढच्या लीड्सना उलटं दिसतं. आणि इथे उपचारच बदलतो: नुसत्या इस्केमियात थ्रॉम्बोलिसिस द्यायचं नसतं, पोस्टेरियर एमआय असेल आणि १२० मिनिटांत अँजिओप्लास्टी शक्य नसेल, तर विरोधी कारण नसल्यास ते लगेच द्यायचं असतं.

शंका फेडायला वेगळं यंत्र लागत नाही. व्ही४, व्ही५, व्ही६ च्या वायरी काढून व्ही६ च्याच पातळीत मागे लावायच्या: पहिली पोस्टेरियर अ‍ॅक्सिलरी रेषेवर, दुसरी खांद्याच्या फऱ्याच्या खालच्या टोकाशी, तिसरी कण्याच्या डाव्या कडेला. कागदावर पेनाने व्ही७, व्ही८, व्ही९ लिहायला विसरू नका. यंत्र जुनीच नावं छापतं. एसटी अर्धा मिलिमीटर वर असला तरी पुरे. चाळिशीच्या आतल्या पुरुषात मात्र एक मिलिमीटर हवा. मागचे लीड्स स्वच्छ आले तरी दुखणं चालू असेल तर पंधरा-वीस मिनिटांनी पुन्हा काढा.

आता ई-मेल अशी जाते: ‘सर, पुरुष, ५२. दुखणं ८:३० पासून, अजून चालू. बीपी १३०/८०. ईसीजी १०:३५ चा, वेग २५, कॅलिब्रेशन १०. व्ही१ ते व्ही४ डिप्रेशन, व्ही२ मध्ये उंच आर. व्ही८, व्ही९ मध्ये एक मिलिमीटर वर. जुना ईसीजी नाही. रक्तस्राव वा स्ट्रोकचा इतिहास नाही. कॅथलॅबला पोचायला तीन तास. पोस्टेरियर एमआय धरून लाइज करू का?’ फोटो वरून सरळ घेतलेला, बारा लीड्स पूर्ण, रुग्णाचं नाव झाकलेलं.

शेवटचा प्रश्न असा हवा, की उत्तर ‘हो’ किंवा ‘नाही’ एवढंच देता यावं. आणि मेल पाठवल्या पाठवल्या फोन करा. रात्री पावणेअकराची मेल सर सकाळी चहाबरोबर वाचतील. वरिष्ठांनीही ‘क्लिनिकली कोरिलेट करा’ असं लिहून मोकळं होऊ नये. काय द्यायचं, कधी द्यायचं आणि पुढचा ईसीजी किती वाजता, एवढं त्या उत्तरात यायलाच हवं.