एका उसाशाचे काम

मराठीत या एकाच श्वासाला अनेक नावे आहेत. दमूनभागून बसलेला माणूस उसासा टाकतो, मनात काही सलत असेल तर सुस्कारा सोडतो आणि संकट टळले की सुटकेचा निःश्वास टाकतो. घरात कोणी असे करू लागले, की ‘काय रे, कसली चिंता लागली आहे?’ असे वडीलधारी माणसे हटकून विचारतात. परंतु वाचकहो, मनात कोणतीही चिंता नसताना, अगदी गाढ झोपेतही, आपण उसासे टाकीत असतो. जागेपणी शांत बसलेली निरोगी व्यक्ती साधारणपणे दर पाच मिनिटांनी एक उसासा टाकते. बहुतेक उसासे इतके हलके असतात, की ते आपल्या लक्षातही येत नाहीत.

हा उसासा कशासाठी, हे समजण्यासाठी फुप्फुसांच्या आत डोकवावे लागेल. आपल्या फुप्फुसांत कोट्यवधी वायुकोश असतात. प्रत्येकाचा व्यास मिलिमीटरच्या जेमतेम पाचव्या भागाएवढा. त्यांच्या आतील भिंती ओलसर असतात आणि ओलावा म्हटला की चिकटणे आले. ओल्या प्लास्टिकच्या पिशवीच्या दोन बाजू एकमेकींना कशा चिकटतात, ते आपण पाहिलेच असेल. वायुकोश असे मिटू नयेत म्हणून शरीर त्यांच्यावर सर्फॅक्टंट नावाच्या द्रव्याचा पातळ थर पसरवीत असते. तरीही उथळ श्वास घेत राहिल्यास काही कोश हळूहळू मिटतातच. एका साध्या श्वासात सुमारे ५०० मिलिलिटर हवा आत येते. मिटलेला कोश उघडण्यास एवढी हवा पुरत नाही. मग एका श्वासावर दुसरा श्वास चढतो, हवा जवळजवळ दुप्पट होते, मिटलेले कोश उघडतात आणि सर्फॅक्टंटचा थरही नव्याने पसरतो. आपण जो आवाज ऐकतो, तो नंतरच्या उच्छ्वासाचा. मुख्य काम त्यापूर्वीच उरकलेले असते.

हे काम आपल्या इच्छेवर सोपविलेले नाही. मेंदूच्या देठात, जेथून श्वासाची लय चालते, तेथेच उसाशाचीही व्यवस्था आहे. २०१६ साली अमेरिकेतील संशोधकांनी उंदरांमध्ये अशा मूठभर चेतापेशी शोधून काढल्या. त्यांचे रासायनिक संदेश रोखले, की उंदरांचे उसासे थांबत, नेहमीचा श्वास मात्र चालूच राही.

आता मनाकडे वळू. घरातील कर्त्या पुरुषाच्या पोटाची शस्त्रक्रिया चालू आहे आणि त्यांची पत्नी बाहेर बाकावर बसली आहे, अशी कल्पना करा. तीन तास त्यांचे खांदे ताठ आहेत, श्वास कधी घाईचा, कधी अर्धवट. डॉक्टर बाहेर येऊन ‘सगळे नीट पार पडले’ असे म्हणतात आणि त्यांच्या तोंडून नकळत दीर्घ निःश्वास बाहेर पडतो. बेल्जियममधील ल्यूव्हन विद्यापीठाच्या संशोधकांनी ताण आणि सुटका या दोन अवस्थांतील उसासे मोजले, तेव्हा सुटकेच्या वेळी ते अधिक आढळले. त्यांच्या मते उसासा ही श्वासाची घडी पुन्हा बसविण्याची क्रिया आहे. ताणाने किंवा लांबलेल्या कामाच्या थकव्याने श्वासाची लय बिघडते अथवा एकसुरी होते. उसासा ती मोडतो आणि पुढचे श्वास पूर्वीच्या लयीत येतात. दीर्घ उच्छ्वासाबरोबर हृदयाची गती क्षणभर मंदावते, खांदे खाली येतात, आणि ‘आता धोका नाही’ ही जाणीव मनाइतकीच शरीरालाही होते.

बाहेर पत्नीला हा दिलासा मिळाला, परंतु आत पतीचे उसासे हरपलेले असतात. भूल दिलेल्या रुग्णाला यंत्राने एकसारखे श्वास दिले जातात. १९६३ साली बॉस्टनमधील भूलतज्ज्ञांनी दाखवून दिले, की अशा एकसारख्या श्वासांवर रक्तातील प्राणवायू हळूहळू घटतो, आणि मधून मधून काही सावकाश, खोल श्वास दिले तर तो पुन्हा वाढतो. शुद्धीवर आल्यानंतरही अडचण संपत नाही. टाके दुखतात म्हणून रुग्ण खोल श्वास टाळतो, अफूवर्गीय वेदनाशामके उसासे कमी करतात आणि उताणे पडून राहिल्याने पोटाचा दाब श्वासपटलावर येतो. फुप्फुसांच्या तळाकडचे कोश मिटू लागतात. श्वास भरभर होतो, बोटाला लावलेल्या यंत्रावरील प्राणवायूचा आकडा उतरतो, आणि वेळीच लक्ष न दिल्यास न्यूमोनियाचा धोका संभवतो.

म्हणूनच रुग्णाच्या हाती तीन चेंडूंचे ते प्लास्टिकचे उपकरण दिले जाते. हरपलेला उसासा जाणीवपूर्वक परत आणण्याचा तो उपाय आहे. पुष्कळ रुग्ण फुगा फुगवावा तसे त्यात फुंकर मारतात, त्याचा काहीच उपयोग होत नाही. श्वास आत ओढायचा असतो. रुग्णाला टेकून बसवावे, टाक्यांवर उशी हलकेच दाबून धरावी, आधी श्वास पूर्ण सोडावा, नळी ओठांत घट्ट धरावी आणि सावकाश ओढावे. तिन्ही चेंडू झटक्याने वर नेण्यापेक्षा एक किंवा दोन चेंडू तीन ते पाच सेकंद वर राखणे अधिक मोलाचे. जागेपणी दर तासाला साधारण दहा श्वास सांगितले जातात, मात्र आपल्या डॉक्टरांनी दिलेले प्रमाण पाळावे. वेदनाशामक वेळेवर द्यावे, कारण वेदना असेल तर खोल श्वास होतच नाही.

निरोगी माणसालाही उसाशाचा मुद्दाम उपयोग करता येतो. नाकाने श्वास घ्यावा, त्यावरच आणखी एक छोटा श्वास घ्यावा आणि मग तोंडाने अगदी सावकाश सोडावा. स्टॅनफर्ड विद्यापीठातील संशोधकांनी २०२३ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात काही स्वयंसेवकांनी हे महिनाभर रोज पाच मिनिटे केले. त्यांची मनःस्थिती ध्यान करणाऱ्या गटापेक्षा अधिक सुधारली. अभ्यास महिन्याभराचाच होता, तेव्हा यास चिंतारोगावरील उपचार मानू नये. भरभर केल्यास रक्तातील कार्बन डायऑक्साइड कमी होऊन डोके हलके वाटते, बोटांना मुंग्या येतात. तसे झाल्यास थांबावे.

उसासे वाढले म्हणून काळजी केव्हा करावी? ‘श्वास पुरत नाही’ असे वाटून कोणी मिनिटामिनिटाला खोल श्वास घेत असेल, पण जिना चढताना धाप लागत नसेल, तर कारण बहुधा चिंता असते. तरीही एकदा तपासून घ्यावे. चालताना धाप लागणे, आडवे होताच श्वास कोंडणे, पाय सुजणे किंवा छातीत दुखणे यांपैकी काही असेल तर विलंब करू नये. मधुमेही व्यक्तीचा प्रत्येकच श्वास खोल व भरभर होऊ लागला आणि सोबत उलट्या किंवा ग्लानी असेल, तर तो उसासा नव्हे. ती रक्तात आम्ल साचल्याची खूण असू शकते. त्या व्यक्तीस तत्काळ रुग्णालयात न्यावे.